‘समांतर’ मालिका आणि सांस्कृतिक साम्राज्यवादाचा प्रश्न

‘सांस्कृतिक साम्राज्यवाद’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. पोरांनी जीन्स घातली की साम्राज्यवाद, वाढदिवसाला केक कापला की साम्राज्यवाद. हर्बर्ट शिलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६९ आणि १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकांत मांडलेला मुद्दा याहून नेमका होता. प्रसारणाची यंत्रणा, जाहिरातींचा पैसा आणि तयार कार्यक्रम एका बलाढ्य देशाच्या कंपन्यांकडे असले, की दुसऱ्या देशांतील संस्था त्या मापाने घडू लागतात आणि मागोमाग तिथली मूल्येही बदलतात, असे त्यांचे म्हणणे होते.

टीकाकारांनी बोट ठेवले ते या साखळीच्या शेवटच्या कडीवर. तमार लीब्स आणि एलिहू कॅट्झ यांनी ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका इस्रायलमधील निरनिराळ्या समाजांतील लोकांना गटागटाने दाखवली आणि मग कथानक सांगायला लावले. मालिकेतली एक बाई नवऱ्याचे घर सोडून प्रियकराच्या घरी जाते. एका अरब गटाने मात्र ती बापाच्या घरी गेली असे सांगितले! रागावलेली बाई माहेरी जाते, एवढे त्यांना ठाऊक होते. प्रेक्षक म्हणजे रिकामे भांडे नव्हे, हे यातून दिसले. पुढे १९९१ साली जोसेफ स्ट्रॉबहार यांनी सांगितले की, दर्जा साधारण सारखा असेल तर माणूस आपल्या भाषेतले आणि आपल्या रीतीभातीचे आधी निवडतो.

आता आपल्या भाषेतले उदाहरण घेऊ. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून केलेली ‘समांतर’ ही मालिका २०२० साली ‘एमएक्स प्लेयर’वर आली. सतीश राजवाडे यांचे दिग्दर्शन, स्वप्नील जोशी आणि नितीश भारद्वाज यांच्या भूमिका. आपले पुढचे आयुष्य दुसरा एक माणूस आधीच जगून बसला आहे, हे नायकाला कळते आणि तो त्या माणसाच्या शोधात निघतो. तळहातावरच्या रेषा आणि ज्योतिष यांवर गोष्ट उभी आहे. पांढुर्ण्यात किंवा सौंसरात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ही मालिका मुळात मराठीत झाली, नंतर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत गेली. प्रवाह उलटा वाहिला. शिलर यांच्या मांडणीत बसवायला ही गोष्ट अवघडच आहे.

पण इथेच थांबलो तर आपण अर्धेच पाहिले असे होईल. ‘एमएक्स प्लेयर’ तेव्हा टाइम्स समूहाच्या ताब्यात होता. २०२४ साली तो ‘अ‍ॅमेझॉन’ने घेतला. कादंबरी मराठी, नट मराठी, प्रेक्षक मराठी, आणि गोष्ट आपल्यापर्यंत येते ती वाट मात्र एका अमेरिकी कंपनीच्या हाती. कोणती मालिका पडद्यावर वर दिसावी आणि पुढच्या मराठी मालिकेला पैसा द्यावा की नाही, हे तीच ठरवणार. म्हणून आशयापुरते ‘समांतर’ हे प्रतिउदाहरण खरे आहे, मालकीपुरते नाही. शिलर यांचा जोर मुळात मालकीवर होता, हे त्यांचे टीकाकार पुष्कळदा विसरतात.

आपल्या दोन तालुक्यांत याला आणखी एक पदर आहे. १९५६पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठी बोलणारी ही पट्टी मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शाळेची आणि कचेरीची भाषा मुख्यतः हिंदीच आहे. ‘समांतर’ लावताना मराठी आणि हिंदी आवाज एका बोटाच्या अंतरावर असतात. ज्या मुलाने सगळे शिक्षण हिंदीत घेतले, त्याने मराठीत घडलेली मालिका हिंदीत पाहिली, तर त्यात अमेरिकेचा काय दोष? जवळची भाषा कोणती, हे घराइतकेच शाळाही ठरवते. स्ट्रॉबहार यांचा नियम सीमाभागात लावताना हे धरून चालावे लागते.

आणि मराठी आवाज निवडला, तरी कानावर येते ती शहरी मराठी. आपण घरी बोलतो ती वऱ्हाडी-नागपुरी वळणाची भाषा अशा मालिकांत बहुधा विनोदी नोकराच्या तोंडी सापडते. (हे काम नाटक-सिनेमाने फार आधी सुरू केले, स्ट्रीमिंगवाल्यांनी फक्त पुढे चालवले.) जॉन टॉमलिन्सन यांचा आक्षेप इथे उपयोगी पडतो. ते १९९१ साली विचारत होते की, ‘आपली संस्कृती’ धोक्यात आहे असे म्हणताना ‘आपली’ म्हणजे कुणाची? देशाची, प्रांताची की गावाची? राष्ट्र हा एकच गट धरला तर देशाच्या आतली चढउतार दिसेनाशी होते.

तेव्हा पुढची मराठी मालिका पाहाल तेव्हा चार गोष्टी निरखा. ती मुळात कोणत्या भाषेत लिहिली गेली, पैसा कुणी घातला, हक्क आज कुणाकडे आहेत आणि तुमच्या घरात ती कोणत्या आवाजात लागली. यांतल्या पहिल्या तीन गोष्टी श्रेयनामावलीवरून आणि कंपन्यांच्या बातम्यांवरून कळतात. चौथी कुठेही छापलेली नसते. ती घरातल्या पोरांनाच विचारावी लागेल.