‘तो म्हणाला’च्या पुढे काय बदलतं?

‘सुनील म्हणाला की मी चुकलो.’ या वाक्यात चुकलं कोण? सुनील स्वतःची चूक कबूल करत असेल, किंवा सांगणाऱ्याच्या पदरात चूक घालत असेल. मराठीत दोन्ही अर्थ निघतात आणि आपलं काही अडत नाही, कारण कुणाचं काय चुकलं हे घरात आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. मराठीत ‘की’ म्हटलं की पुढे समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवायची मुभा आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे वाक्य महिन्याभराने सांगितलं तरी त्यातलं ‘मी’, ‘उद्या’ आणि ‘येईन’ जागचं हलत नाही.

इंग्रजीत ही मुभा नाही. ‘सुनील सेड दॅट आय वॉज राँग’ म्हटलं की चुकलो मीच, सुनील सुटला. तिथे ‘दॅट’ आला की बोलणाऱ्याची जागा सांगणारा घेतो आणि सगळं सांगणाऱ्याच्या ठिकाणाहून, सांगणाऱ्याच्या वेळेवरून मोजलं जातं. शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणून जो प्रश्न येतो आणि मराठी माध्यमातल्या मुलांना जो हमखास रडवतो, त्याची मेख इथे आहे. मुलं नियम विसरतात असं नाही. तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. पण ‘दॅट’ दिसला की डोक्यात ‘की’ वाजतो आणि वाक्याचा एखादा तुकडा मूळ रूपातच राहून जातो. म्हणून उत्तर लिहून झाल्यावर ते तपासायचं कसं, हे तक्त्याइतकंच शिकवायला हवं. ते सहसा शिकवलं जात नाही.

एक वाक्य घेऊ. ‘माधव सेड टू सुनीता, “आय मेट युअर ब्रदर हिअर यस्टर्डे, अँड आय विल गिव्ह हिम धिस बुक टुमॉरो.”’ एका मुलाने याचं असं रूपांतर केलं असं धरा: ‘माधव टोल्ड सुनीता दॅट ही हॅड मेट हिज ब्रदर देअर यस्टर्डे, अँड ही विल गिव्ह हिम दॅट बुक द नेक्स्ट डे.’ वरवर वाचलं तर उत्तर बरं वाटतं. ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ झालंय, ‘हॅड मेट’ आलंय, ‘देअर’ आणि ‘दॅट बुक’सुद्धा आलंय. तरीही त्यात तीन चुका आहेत, आणि नुसतं पुन्हा वाचून त्या सापडत नाहीत. लिहिणारा वाचतो तेव्हा त्याला कागदावरचं नाही, मनातलं वाक्य दिसतं.

त्यामुळे तपासणी उत्तरापासून नव्हे, मूळ वाक्यापासून सुरू करावी. अवतरणचिन्हांच्या आतले बदलू शकणारे सगळे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायचे. आपल्या वाक्यात ते असे निघतात: ‘आय’, ‘युअर’, पुन्हा ‘आय’ आणि ‘हिम’ ही चार सर्वनामं, ‘मेट’ आणि ‘विल गिव्ह’ ही दोन क्रियापदं, ‘हिअर’, ‘यस्टर्डे’, ‘धिस’, ‘टुमॉरो’ हे स्थळकाळाचे चार शब्द. एकूण दहा. आता उत्तरात या दहांपैकी प्रत्येकाचं काय झालं याचा हिशेब द्यायचा. बदलला तर का, नाही बदलला तर का. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1922 साली अशा शब्दांना ‘शिफ्टर’ असं नाव दिलं होतं. ‘मी’चा अर्थ कोण बोलतंय त्यावर ठरतो, ‘उद्या’चा अर्थ कधी बोलतंय त्यावर. बोलणारा बदलला की हे शब्द सरकतात. ‘पुस्तक’ आणि ‘भाऊ’ सरकत नाहीत.

सर्वनामांपासून सुरुवात करावी, कारण तिथली चूक माणसंच बदलून टाकते. भारतातल्या शिकवण्यांमध्ये ‘सन’ नावाचा नियम घोकून घेतात: पहिला पुरुष बाहेरच्या कर्त्याप्रमाणे बदलतो, दुसरा पुरुष बाहेरच्या कर्माप्रमाणे, तिसरा तसाच राहतो. नियम चांगला आहे, फक्त तो उच्चारण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: इथे हा शब्द नेमका कोण? ‘युअर ब्रदर’ म्हणजे सुनीताचा भाऊ. मग उत्तरात ‘हर ब्रदर’च हवं. आपल्या मुलाने ‘हिज ब्रदर’ लिहून सुनीताच्या भावाला माधवचा भाऊ करून टाकलं. ‘आय’ म्हणजे माधव, म्हणून दोन्ही ठिकाणी ‘ही’ बरोबर. ‘हिम’ म्हणजे तो भाऊ. तो तिसराच असल्यामुळे ‘हिम’ राहतो.

मात्र सांगणारी खुद्द सुनीता असेल तर? मग बाहेरचं वाक्य ‘माधव टोल्ड मी’ होतं आणि ‘युअर ब्रदर’चं ‘माय ब्रदर’. सांगणारा माधवच असेल तर ‘आय टोल्ड सुनीता दॅट आय हॅड मेट हर ब्रदर’. पहिला ‘आय’ बदलतच नाही, आणि तेही बरोबर. सर्वनाम न बदलणं ही चूकच असते असं मानणारी मुलं इथे फसतात.

मग काळ. बाहेरचं क्रियापद भूतकाळात असेल, म्हणजे ‘सेड’ किंवा ‘टोल्ड’ असेल, तर आतला काळ एक पायरी मागे जातो. ‘इज’चं ‘वॉज’, ‘हॅज गॉन’चं ‘हॅड गॉन’, ‘मेट’चं ‘हॅड मेट’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’. बाहेर ‘सेज’ असेल तर आतला काळ हलत नाही. म्हणून काळ तपासताना नजर आधी अवतरणाच्या बाहेर जायला हवी. आपल्या उत्तरात ‘मेट’ मागे गेलं, पण ‘विल गिव्ह’ तसंच राहिलं. हे का घडतं? ‘अँड’मुळे. पहिला भाग बदलेपर्यंत ‘दॅट’चा धाक असतो, ‘अँड’ ओलांडला की तो संपतो आणि मूळ वाक्य पुन्हा वाहू लागतं. ‘अँड’नंतर आणखी एक ‘दॅट’ लिहायची सवय लावली तर ही चूक बरीच कमी होते, आणि इंग्रजीच्या दृष्टीनेही वाक्य अधिक नेटकं होतं.

काही लोक सांगतात, उत्तर उलटं फिरवून पाहा, मूळ वाक्य परत मिळालं की बरोबर. सर्वनामांसाठी हे चालतं. काळासाठी चालत नाही, कारण ‘हॅड मेट’ हे ‘मेट’पासून आलेलं असू शकतं, ‘हॅव मेट’पासून किंवा मुळातल्याच ‘हॅड मेट’पासूनही. तिन्ही वाटा तिथे एकत्र होतात आणि परतीचा रस्ता एकच उरत नाही. काळ तपासायचा तर मूळ वाक्य शेजारी ठेवूनच.

काळ मागे न नेण्याच्या जागाही माहीत हव्यात, कारण मन लावून अभ्यास करणारी मुलं तिथे जास्त चुकतात. सूर्य पूर्वेला उगवतो हे शिक्षकांनी सांगितलं, तर ‘राइजेस’ तसंच ठेवता येतं. कालही तसंच होतं, उद्याही असेल. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ यांना मागे जायला पायरीच नाही. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार’ यातला ‘हॅड’ दिसायला भूतकाळ, पण तो घडलेल्या गोष्टीचा नाही, न घडलेल्या कल्पनेचा आहे. त्याला मागे ढकलून ‘हॅड हॅड’ केलं की कल्पनाच आजची न राहता जुनी होऊन बसते. आणि ‘मेट’चं ‘हॅड मेट’ करणं परीक्षेत अपेक्षित असलं, तरी इंग्रजी बोलणारे रोजच्या व्यवहारात बऱ्याचदा ‘ही सेड ही मेट हर ब्रदर’ असंच म्हणतात. ते चूक नाही. पण उत्तरपत्रिकेत वाद घालायची ती जागा नाही.

उरले स्थळकाळाचे शब्द. ‘हिअर’चं ‘देअर’, ‘धिस’चं ‘दॅट’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ झालं. ‘यस्टर्डे’ मात्र राहिला. त्याच्या जागी ‘द डे बिफोर’ हवं. ही चूक पकडायची एक खूण आहे. आपल्या उत्तरात ‘हॅड मेट’च्या शेजारी ‘यस्टर्डे’ बसलाय. क्रियापद एक पायरी मागे गेलं आणि काळाचा शब्द जागेवरच राहिला, असं दिसलं की संशय घ्यावा. ‘वुड’शेजारी ‘टुमॉरो’, ‘वॉज’शेजारी ‘नाऊ’ याही तशाच जोड्या. तरी ‘नाऊ’ दिसला की डोळे मिटून ‘देन’ लिहू नये. ‘नाऊ, लिसन टू मी’ यातला ‘नाऊ’ काळ सांगत नाही. तो आपल्या ‘हं, ऐक’मधला ‘हं’ आहे, आणि रूपांतरात तो सरळ गळतो.

दहा शब्दांचा हिशेब पुरा झाल्यावर उत्तर असं उभं राहतं: ‘माधव टोल्ड सुनीता दॅट ही हॅड मेट हर ब्रदर देअर द डे बिफोर, अँड दॅट ही वुड गिव्ह हिम दॅट बुक द नेक्स्ट डे.’

आता एक गोष्ट, जी तक्त्यात नसते. माधव हे सोमवारी बोलला आणि सुनीताने त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत बसून आईला सांगितलं, तर ‘यस्टर्डे’ अजून रविवारच आहे, ‘टुमॉरो’ अजून मंगळवारच आहे आणि ‘हिअर’ अजून इथेच आहे. तेव्हा हे शब्द न बदलणंच बरोबर. एवढंच काय, ‘विल’ही ठेवता येतो, कारण पुस्तक द्यायचं अजून बाकी आहे. मग वरची खूणही तिथे लागू पडत नाही. परीक्षेतल्या प्रश्नात ते कधी सांगितलं गेलं हे लिहिलेलं नसतं, म्हणून ‘नंतर कधीतरी, दुसरीकडे’ असं गृहीत धरून सगळं बदलायचा संकेत आहे. तो संकेत आहे एवढं मुलांना सांगितलं, तर ‘द नेक्स्ट डे’ हा शब्द कुठून आला हे त्यांना कळेल.

शाळेबाहेर या गृहीतकाची खरी कसोटी सोसायटीच्या इंग्रजी इतिवृत्तात लागते. ‘द चेअरमन सेड दॅट द लिफ्ट वुड बी रिपेअर्ड द नेक्स्ट वीक’ हे वाक्य व्याकरणात चोख आहे. पण सहा महिन्यांनी कंत्राटदाराशी वाद झाला, तर वाचणाऱ्याला वर जाऊन सभेची तारीख शोधावी लागते आणि तिथून आठवडा मोजावा लागतो. जाणते सेक्रेटरी तिथे ‘द नेक्स्ट वीक’ लिहीतच नाहीत, थेट तारीख टाकतात. मराठी इतिवृत्तात तर हे आणखी जपावं लागतं, कारण ‘अध्यक्ष म्हणाले की मी पुढच्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करून घेईन’ असं लिहून खाली सही सेक्रेटरीची असेल, तर लिफ्ट कुणी दुरुस्त करायची यावरूनच पुढची सभा गाजते. तिथे ‘मी’च्या जागी ‘आपण’ लिहायचं आणि वाक्य ‘असे अध्यक्षांनी सांगितले’ असं संपवायचं. वर्तमानपत्रांच्या मराठीत हा ‘आपण’ मुरलेला आहे. मंत्री ‘आपण राजीनामा देणार नाही’ असं सांगतात तेव्हा बातमीदाराच्या राजीनाम्याची चर्चा कुणी करत नाही.