फिल्टर गळतोय, धारही मंदावली

फिशटँकखालच्या कपाटात ठेवलेला कॅनिस्टर फिल्टर आजारी पडला की दोन लक्षणं दिसतात. टँकमध्ये परत येणारी धार बारीक होते किंवा कपाटाच्या तळाशी पाणी साचतं. अनेकदा पहिल्याचा इलाज करायला डबा उघडला, की दुसरं मागोमाग येतं.

धार मंदावली की आधी टँकमधली जाळी, पाइप आणि डब्यातला स्पंज तपासावा. हे सगळं साफ असूनही जोर नसेल तर संशय इंपेलरवर. मोटरच्या डोक्यात बसणारी ही छोटी पंख्याची चकती एका लोहचुंबकावर असते आणि बारीक दांड्याभोवती फिरते. चुंबक आणि त्याच्या खोबणीत जेमतेम फट असते. तिथे बुळबुळीत थर किंवा बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार चढला की चकती अडखळते. मोटर नुसती गुणगुणते पण पाणी ढकलत नाही, तेव्हा बहुधा ती अडकलेली असते. खडखडाट येत असेल तर दांडा तुटलाय किंवा त्याच्या टोकांची रबरं झिजली आहेत.

प्लग काढून दोन्ही नळ बंद करा, मगच डोकं उघडा. टँक वर असल्यामुळे मोटर बंद असली तरी पाणी खाली येतच राहतं. इंपेलर सरळ वर ओढून काढा. बहुतेक फिल्टरमध्ये दांडा सिरॅमिकचा असतो, वाकवला की कट्कन मोडतो. चुंबक जुन्या टूथब्रशने घासा, खोबणीत बाटली धुण्याचा बारीक ब्रश फिरवा. क्षार घट्ट असेल तर इंपेलर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून नीट धुवा. स्पंज मात्र नळाच्या पाण्याखाली धरू नका, क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

आता ओ-रिंग. ती काढून तिची खाच बोटाने पुसत जा. वाळूचा एक कण किंवा वनस्पतीचा एखादा धागा गळतीला पुरतो. रिंग चपटी, कडक किंवा चिरलेली असेल तर नवीनच घ्यावी. चांगली असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. व्हॅसलिन लावू नये. काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. रिंगला पीळ न पडू देता ती सगळीकडून सारखी बसवा आणि क्लिपा समोरासमोरच्या जोडीने लावा.

नळ उघडून डबा भरू द्या, प्लग लावण्याआधी सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. इथे एक फसगत होते. नळाच्या जोडणीला स्वतःच्या छोट्या ओ-रिंगा असतात. तिथलं पाणी ओघळून मोठ्या सांध्यावर येतं आणि दोष बिचाऱ्या मोठ्या रिंगेवर जातो. टिश्यू वरून खाली फिरवला की खरी जागा कळते. कोरडा राहिला तरच मोटर सुरू करा आणि पहिली रात्र कपाटात वर्तमानपत्र अंथरून ठेवा.