हळदपुडीचा विक्रीभाव कसा ठरवावा?

हळद तशीच न विकता तिची पूड करून विकणाऱ्या शेतकऱ्यास पहिली अडचण भावाची पडते. पुष्कळजण वर्षातील चांगल्या महिन्याचा सर्व खर्च एकत्र करून त्याला त्या महिन्याच्या विक्रीने भागतात आणि वर थोडा नफा चढवितात. ही रीत सोपी असली तरी फसवी आहे.

उदाहरणादाखल हळकुंडांचा भाव किलोस १५० रुपये धरू. दळताना तूट येते. शंभर किलोची ९६ किलो पूड मिळाल्यास एक किलो पुडीस हळकुंडांचेच सुमारे १५६ रुपये पडतात. वीज ४ व पिशवी १० मिळून १७० रुपये होतात. हा बदलता खर्च होय. पूड केली तरच तो होतो. याउलट जागेचे भाडे ५,०००, मजुराचा पगार १०,००० आणि कर्जाचे व्याज व यंत्राची झीज ३,००० असे १८,००० रुपये दरमहा लागतातच, मग एक किलोही न विको. हा स्थिर खर्च. घरच्या माणसाच्या श्रमाचे मोलही यातच धरावयास हवे. ते बहुधा विसरले जाते.

दुकानदारास २३० रुपयांनी पूड दिल्यास बदलता खर्च वजा जाता किलोमागे ६० रुपये उरतात. यास अंशदान म्हणतात. तो अजून नफा नव्हे. त्यातून आधी स्थिर खर्च फिटावयाचा असतो. १८,००० ला ६० ने भागल्यास ३०० किलो येतात. हा समविच्छेद बिंदू. येथे नफाही नाही, तोटाही नाही. पुढील प्रत्येक किलोस मात्र ६० रुपये नफा सुटतो.

आता वरील रीतीने पाहू. दिवाळीच्या महिन्यात ६०० किलो खपले, म्हणून स्थिर खर्च किलोस ३० रुपये धरून, वर १० रुपये नफा घेऊन २१० हा भाव ठरविला. अंशदान ४० वर आले आणि बिंदू ४५० किलोंवर गेला. भाव नवव्या हिश्श्याहूनही कमी उतरला, पण विक्री दीडपट हवी झाली! पुढील महिन्यात ३५० किलोच खपल्यास १४,००० रुपयेच हाती येऊन ४,००० तोटा होतो. तेवढीच विक्री २३० ने झाली असती, तर ३,००० नफा राहिला असता.

एखादे वसतिगृह १९० रुपयांनी १०० किलो मागेल, तर नकार देण्याची घाई करू नये. नेहमीच्या विक्रीने बिंदू ओलांडला असेल व यंत्र रिकामे असेल, तर किलोस २० रुपये वरकड मिळतात. मात्र हा भाव नेहमीच्या दुकानदारांच्या कानी जाऊन तेही तोच मागू लागले, तर बिंदू ९०० किलोंवर जाईल.