पगार 22 हजारांवरून 28 हजार. मग महिनाअखेर हात आखडता का?

वाशिंदहून रोज कसारा लोकल पकडून कल्याणला कामाला जाणारा एक कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. 2019-20 मध्ये त्याच्या हातात महिन्याला 22,000 रुपये येत होते. करोनाच्या वर्षी पगार वाढला नाही. पुढे तो 23,100, 24,700, 26,300 असा चढत 2024-25 मध्ये 28,000 झाला. उदाहरण काल्पनिक आहे, महागाईचे आकडे मात्र खरे आहेत.

किरकोळ महागाई, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकाची सरासरी वाढ, 2020-21 मध्ये 6.2 टक्के होती. त्यापुढच्या वर्षांत ती 5.5, 6.7, 5.4 आणि 4.6 टक्के राहिली. शेवटच्या तीन वर्षांत आपल्या कर्मचाऱ्याला साडेसहा ते सात टक्के वाढ मिळाली. तिन्ही वेळा ती महागाईपेक्षा जास्तच होती. मग तो पुढे गेला का?

इथे बरेच जण महागाईचे पाच आकडे बेरीज करून 28.4 टक्के काढतात. पण दुसऱ्या वर्षीची महागाई आधीच वाढलेल्या किमतींवर बसते, म्हणून गुणाकार करावा लागतो:

```
1.062 × 1.055 × 1.067 × 1.054 × 1.046 = 1.318
```

म्हणजे 100 रुपयांची खरेदी जवळपास 132 रुपयांवर गेली. 22,000 ला 1.318 ने गुणलं की साधारण 29,000 येतात. जुनं राहणीमान टिकवायला एवढे हवे होते, हातात आले 28,000. उलट बाजूने 28,000 भागिले 1.318 केलं, तर आजचा पगार 2019-20 च्या भावाने फक्त 21,240 रुपयांच्या आसपास भरतो. पगारपत्रकावर 27 टक्के वाढ दिसते, प्रत्यक्षात साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट आहे.

घोळ झाला तो पहिल्या दोन वर्षांत. 2021-22 पर्यंत पगार 24,650 च्या घरात हवा होता, तो 23,100 होता. दीड हजारांचा तो खड्डा नंतरच्या चांगल्या वाढींनी निम्माही भरला नाही. म्हणून फक्त यंदाच्या वाढीची यंदाच्या महागाईशी तुलना केली, की चित्र हमखास गोड दिसतं.

हिशेब करताना दोन्ही टोकांना एकच रक्कम धरा: हातात येणारा मूळ पगार. एका वर्षी ओव्हरटाइम धरला आणि दुसऱ्या वर्षी वगळला, तर उत्तर चुकणारच.

शिवाय हा निर्देशांक देशाची सरासरी सांगतो. त्यात खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे 46 टक्के होता. तुमच्या घरात किराणा-भाजीवर याहून जास्त जात असेल, तर त्यांचे भाव भडकलेल्या वर्षी तुमची महागाई छापील आकड्यापेक्षा जास्त असते. उलट लोकलचा पास: 1 जानेवारी 2020 च्या रेल्वे भाडेवाढीतून उपनगरी गाड्या वगळल्या होत्या, तेवढा दिलासा वाशिंदकरांना मिळाला. वाशिंदमध्ये भाड्याने राहत असाल, तर भाड्यातली वाढ वेगळी मांडा. 2012 पायाभूत वर्षाच्या मालिकेत ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नव्हतं.