अडतीस सेंटांचे पाच सेंट

२३ फेब्रुवारी २००९ रोजी जेपी मॉर्गन चेस या अमेरिकन बँकेने जाहीर केले की, यापुढे दर तिमाहीला शेअरमागे ३८ सेंट नव्हे, ५ सेंट लाभांश मिळेल. अमेरिकेत बहुतेक मोठ्या कंपन्या वर्षातून चार वेळा लाभांश देतात. म्हणजे ज्याच्याकडे हजार शेअर होते, त्याचे वर्षाचे १,५२० डॉलर एका दिवसात २०० वर आले. निवृत्तीनंतर याच पैशावर घर चालवणारे अनेक जण होते. त्यानंतर महिन्याभरात बँकेचे अध्यक्ष जेमी डायमन यांचे भागधारकांना लिहिलेले वार्षिक पत्र आले आणि या निर्णयाचा हिशेब त्यात त्यांना द्यावा लागला.

लाभांश कमी केल्याचे पत्र लिहिणे अध्यक्षासाठी अवघड असते, कारण नुसता तोटा झाल्याचे सांगून भागत नाही. जेपी मॉर्गनला तर २००८ साली तोटा झालाच नव्हता. त्या भयानक वर्षातही बँकेने ५६० कोटी डॉलर नफा दाखवला होता. मग लाभांश का कापला? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ताळेबंदातच सापडते.

आधी त्या नफ्याकडेच पाहू. त्यातले सुमारे १९० कोटी डॉलर हे बुडालेली वॉशिंग्टन म्युच्युअल बँक स्वस्तात विकत घेतल्यामुळे हिशेबात आलेला एकदाचाच फायदा होता. कर्ज देऊन, व्याज घेऊन केलेली ती कमाई नव्हती आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येणार नव्हती. तो धरूनही शेअरमागे नफा पडत होता सुमारे १.३७ डॉलर, आणि लाभांश वाटला जात होता १.५२ डॉलर. घरात महिन्याला जेवढे येते त्याहून जास्त बाहेर जात असेल तर फरक शिलकीतून भरावा लागतो. बँकेचेही तेच चालले होते. नफा आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या भागधारकाच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

पण शिलकीला हात लावणे कारखान्याला एक वेळ परवडते, बँकेला परवडत नाही. बँक जे पैसे कर्जाऊ देते, त्यातले बहुतेक ठेवीदारांचे असतात आणि स्वतःचे भांडवल त्यात थोडे असते. कर्ज बुडाले की पहिला फटका त्या थोड्या भांडवलाला बसतो. ते संपले की ठेवीदारांची पाळी. २००८ अखेरीस जेपी मॉर्गनने दिलेल्या कर्जांची आणि केलेल्या गुंतवणुकीची जोखमीनुसार मोजलेली रक्कम साधारण १ लाख २४ हजार कोटी डॉलर होती. तिच्या तुलनेत भांडवल १०.९ टक्के होते. मात्र त्यात ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारने घातलेले २,५०० कोटी डॉलरही होते. ते वजा केले की उरत होते ८.९ टक्के.

आता लाभांशातल्या कपातीचा अर्थ लागतो. शेअरमागे वर्षाला १.३२ डॉलर वाचले आणि शेअर होते ३७० कोटींहून अधिक, म्हणजे बँकेकडे वर्षाला साधारण ५०० कोटी डॉलर जास्त राहणार होते. भांडवलाच्या प्रमाणात ही दरवर्षी ०.४ टक्क्यांची भर झाली. आकडा लहान दिसतो, पण बेकारी वाढत असताना घरकर्जे आणि क्रेडिट कार्डांची थकबाकी किती बुडेल याचा अंदाज कोणालाच नव्हता. त्यावेळी नवे शेअर विकून भांडवल उभे करायचे तर भाव पडलेला असताना विकावे लागले असते, आणि जुन्या भागधारकांचा वाटा कायमचा घटला असता. शिवाय सरकारच्या पैशावर वर्षाला ५ टक्के द्यावे लागत होते, म्हणजे १२५ कोटी डॉलर. तो पैसा लवकर परत करायचा तर स्वतःचे भांडवल वाढवणे भागच होते. बँकेने तो जून २००९ मध्ये फेडला.

मला या कपातीत महत्त्वाची वाटते ती तिची वेळ. बँक अडचणीत सापडल्यावर नव्हे, आधी ती झाली. निर्णय जाहीर करतानाच बँकेने सांगितले होते की चालू तिमाहीत नफाच होतो आहे.

त्याच आठवड्यात, २७ फेब्रुवारीला, जनरल इलेक्ट्रिकनेही लाभांश ३१ सेंटांवरून १० वर आणला. १९३८ नंतरची त्या कंपनीची ही पहिली कपात. हिशेबाच्या दृष्टीने तीही समजण्यासारखी होती, कारण कंपनीचा कर्जपुरवठ्याचा मोठा व्यवसाय बाजारातून उसन्या घेतलेल्या पैशावर चालत होता आणि तो बाजारच आटला होता. पण सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीने २००९ अखेरपर्यंत लाभांश कायम ठेवण्याचा इरादा जाहीर केला होता. पाच महिन्यांत तो मोडला. अध्यक्ष जेफ इमेल्ट यांच्यापुढे त्यामुळे दोन गोष्टींचा खुलासा करण्याची वेळ आली: पैसे का राखले, आणि आधी तसे का म्हटले. पहिल्याचे उत्तर आकड्यांत देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही, आणि भागधारकाच्या मनात तेच जास्त काळ सलत राहते.

जेपी मॉर्गनचा लाभांश २०११ साली २५ सेंट झाला, २०१२ साली ३० आणि २०१३ साली पुन्हा ३८. हजार शेअरवाल्याला २००९ ते २०१२ या चार वर्षांत जुन्या दराने ६,०८० डॉलर मिळाले असते. प्रत्यक्षात त्याच्यासाठी जाहीर झाले २,६००. फरक ३,४८० डॉलरचा. हे पैसे बँकेतच राहिले आणि त्यांचा लाभ पुढे शेअरच्या किमतीत दिसू शकतो, हे खरे. पण ज्याला मधल्या काळात औषधपाण्यासाठी शेअर विकावे लागले, त्याच्यापुरते ते नुकसानच होते. अध्यक्षाचे पत्र कितीही नेमके असले तरी ही बाजू त्यात भरून निघत नाही.

आपल्याकडे वार्षिक अहवालात असे पत्र आले तर वाचताना थोडे सावध राहावे. एक तर लाभांशाची टक्केवारी दर्शनी मूल्यावर सांगण्याची पद्धत आहे: एक रुपयाच्या शेअरवर ४०० टक्के म्हणजे फक्त चार रुपये. तेव्हा शेअरमागे किती रुपये, हेच गेल्या वर्षाशी ताडून पाहावे. मग नफा आणि रोख प्रवाहाचे पत्रक शेजारी ठेवावे. नफा भरपूर आणि रोख आटलेली असेल तर पैसा उधारीत किंवा न विकलेल्या मालात अडकलेला असू शकतो, मग पत्रात विस्ताराच्या योजनांचे कितीही वर्णन असो. आणि राखलेल्या रकमेचा आकडा, ती कुठे जाणार आणि कोणती गोष्ट घडल्यावर लाभांश पूर्ववत होणार, हे पत्रात शोधावे. ‘आव्हानात्मक परिस्थिती’ एवढेच लिहिले असेल तर सर्वसाधारण सभेत उठून या तिन्हींबद्दल विचारावे. सभेला संचालक मंडळाने सुचवलेल्यापेक्षा जास्त लाभांश मंजूर करता येत नाही, पण प्रश्न विचारायला कायदा आड येत नाही.

कधी कधी तर निर्णय कंपनीच्या हातातही नसतो. १७ एप्रिल २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना मार्चअखेर संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश न देण्यास सांगितले. भांडवल भक्कम असलेल्या बँकांच्या भागधारकांनाही त्या वर्षी हात हलवत राहावे लागले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या पत्रात डायमन यांनी लिहून ठेवले होते की, परिस्थिती अतिशय बिघडली तर संचालक मंडळ लाभांश थांबवण्याचा विचार करील. ती वेळ आली नाही आणि लाभांश चालू राहिला.