नूतनीकरण चुकले: ब्रोकरचे माफीपत्र कसे असावे

विमा ब्रोकरने नूतनीकरणाची तारीख चुकवली, तर ग्राहकाला लिहायच्या पत्रात माफीइतकाच अचूक तपशील लागतो. समजा, एका गोदामाची आगविमा पॉलिसी 31 मार्चच्या मध्यरात्री संपली आणि नवी 4 एप्रिलला सकाळी 11 वाजता सुरू झाली. मधले 3 दिवस 11 तास गोदामाला संरक्षण नव्हते. पत्राने सुरुवातीलाच हा काळ तारीख-वेळेसह सांगावा. ‘थोडा विलंब झाला’ एवढे म्हणून भागत नाही.

पुढे कारण यावे: ग्राहकाने संमती वेळेत दिली होती, पण ब्रोकरने प्रस्ताव कंपनीकडे पाठवला नाही. विमा कायदा 1938च्या कलम 64व्हीबीनुसार हप्ता मिळण्याआधी कंपनी सहसा जोखीम स्वीकारू शकत नाही. त्यामुळे मागील तारखेपासून संरक्षण मिळवून देण्याचे आश्वासन पत्रात नसावे.

त्या काळात काही नुकसान झाले का, हे ग्राहकाला विचारून लेखी उत्तर मागावे. झालेले नुकसान लपवून ‘नुकसान नाही’ असे लिहून घेतल्यास नवी पॉलिसीही अडचणीत येते. मालावर कर्ज असल्यास बँकेला कळवण्याची आठवण करावी.

नुकसान झालेच असेल, तर ब्रोकरच्या स्वतःच्या व्यावसायिक दायित्व विम्यातून भरपाई मिळू शकते. मात्र अशा पॉलिसीत कंपनीच्या संमतीविना दायित्व मान्य न करण्याची अट बहुधा असते. म्हणून पत्र पाठवण्याआधी त्या कंपनीला कळवावे; पत्रात चूक स्पष्ट मांडावी, भरपाईची रक्कम कबूल करू नये. शेवटी नव्या पॉलिसीची प्रत जोडावी.