दोन ठिपक्यांचा फरक

बोरॉन ट्रायफ्लोराइड (BF₃) आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड (NF₃) यांची सूत्रं सारखीच दिसतात. आकार मात्र वेगळे, आणि त्याचं कारण इलेक्ट्रॉनांचे ठिपके मोजले की सापडतं.

तीन फ्लोरिनचे बाह्यतम इलेक्ट्रॉन २१. त्यात बोरॉनचे ३ मिळवले की २४, म्हणजे १२ जोड्या. तीन बंधांत जातात, उरलेल्या नऊ फ्लोरिनवर बसतात. बोरॉनभोवती तीनच जोड्या उरतात. त्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर, १२० अंशांवर सरकतात. रेणू सपाट होतो, तिन्ही बंधांची ओढ एकमेकींना रद्द करते आणि रेणू अध्रुवीय ठरतो, प्रत्येक बंध चांगलाच ध्रुवीय असूनही.

नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन ५, म्हणून एकूण २६. तेरावी जोडी नायट्रोजनवरच एकाकी राहते. ती बंधातल्या जोड्यांपेक्षा जास्त जागा घेते आणि तिन्ही बंधांना खाली दाबते. कोन सुमारे १०२ अंश, आकार बुटक्या पिरॅमिडचा, रेणू ध्रुवीय. पण जेमतेमच, कारण एकाकी जोडीची ओढ बंधांच्या ओढीच्या उलट दिशेला असते. अमोनियात दोन्ही एकाच दिशेला असल्यानं तो कितीतरी अधिक ध्रुवीय असतो.

विद्यार्थी हमखास चुकतात ते ही तेरावी जोडी काढायला विसरून. आकृती झाली की सगळे ठिपके पुन्हा मोजा. २६ भरले नाहीत, तर आकारही चुकणार.